डाउट सोडवायची सर्व्हिस: फी किती ठेवायची, आणि पालक भरवसा का ठेवतील

प्रश्न: मी खानापूर भागात राहते, बीएस्सी बीएड आहे, घरी आठवी ते दहावीच्या ट्युशन घेते. आता संध्याकाळी फोनवर आणि व्हॉट्सअपवर पोरांचे डाउट सोडवायचे आणि महिन्याची फी घ्यायची असं डोक्यात आहे. अनलिमिटेड डाउट देऊ का? फी किती ठेवू? आणि पालक म्हणतात, "फोनवर काय शिकवणार, पोरं मोबाईलच बघत बसणार", त्यांना कसं पटवायचं?

उत्तर:

टीचर, अनलिमिटेड अजिबात देऊ नका, एवढं पहिलं. मी बेळगावात बसून हेच काम करतो, गणित आणि सायन्स, आणि ह्या कामात शेजारच्या क्लासची फी बघून आपली फी ठरवायला गेलं की हिशोब चुकतोच, कारण क्लासात वीस पोरं बसली काय नि तीस बसली काय, तास एकच जातो, इथं मात्र प्रत्येक पोराला तुमची वेगळी पाच-दहा मिनिटं लागतात आणि ती सगळ्यांना एकाच टायमाला पाहिजे असतात. शाळा सुटून, घरी येऊन, खाऊन पोरगं वही उघडतं तेव्हा सात वाजलेले असतात, आणि बऱ्याच घरात मोबाईल एकच, तो बाबा कामावरून आले की मग हाताला लागतो. म्हणजे सात ते साडेनऊ. दुपारी तुम्ही कितीही मोकळ्या असा, त्या वेळेला कोण विचारत नाही. तुमच्याकडं विकायला आहे ते हे अडीच तास, सगळा हिशोब इथनंच सुरू करायचा.

आता ह्या दीडशे मिनिटांत किती डाउट होतात ते बघा. चॅटवरचा एक डाउट म्हणजे फोटो बघणं, पोरानं कुठं गाडी अडकवलीय ते शोधणं, एक व्हॉइस नोट, त्याचं उत्तर आलं की दुसरी व्हॉइस नोट, सगळं धरून साधारण साडेसहा मिनिटं जातात. कॉलवरचा डाउट ह्याच्या दुप्पट खातो, कारण पहिला कॉल उचलत नाहीत, मग आवाज तुटतो, मग पोरगं वही आणायला जातं, बारा मिनिटं कुठं गेली कळत नाही. संध्याकाळी चार कॉल घेतले तर 48 मिनिटं गेली, उरलेल्या शंभरात पंधरा-सोळा चॅट डाउट, म्हणजे एका माणसाला एका संध्याकाळी वीसच्या आसपास. आठवड्याचे सहा दिवस धरा, 120. एक पोरगं नेहमीच्या आठवड्यात सरासरी तीन डाउट विचारतं असं धरलं तर 40 पोरं बसतात, पण 40 घेऊ नका, कारण शाळेची एफए किंवा एसए परीक्षा आली की तेच पोरगं सहा विचारतं. आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी साडेआठला फोटो टाकून रात्री अकरापर्यंत उत्तर आलं नाही तर त्या घरातनं पुढच्या महिन्याची फी येत नाही, वर्षभर तुम्ही कितीही चांगलं शिकवा. म्हणून 30 पोरं. परीक्षेच्या आठवड्यात तेवढ्यापुरता एक हाताखाली माणूस, एखादी बीएस्सीची पोरगी चालते, फक्त तिनं आधी तुमच्या शेजारी बसून तुम्ही कसं उत्तर देता ते बघितलेलं असावं.

कॉल आधी की चॅट आधी, ह्यावर सगळे कॉल म्हणतात, पालकांनाही कॉल म्हणजे काहीतरी शिकवल्यासारखं वाटतं. पण तुमच्याकडं खानापूरच्या पावसात नेटवर्कचं काय होतं ते तुम्हालाच माहीत, जांबोटी, कणकुंबीकडच्या पोराला लाइव्ह कॉलवर भूमितीचा प्रमेय समजावणं म्हणजे दोघांनीही फक्त "हॅलो हॅलो" करणं. फोटो आणि व्हॉइस नोट रेंज आली की आपोआप जाते, पोरगं ती तीनदा ऐकू शकतं, आणि ती राहते, म्हणजे आईलाही ऐकता येते. कॉल मी कधी करतो, तर दोन व्हॉइस नोट होऊन पण पोरगं त्याच जागी अडकलेलं असेल तेव्हाच. फोटो पाठवताना एचडी ऑप्शन लावायला पोरांना पहिल्याच दिवशी शिकवा, पेन्सिलीनं लिहिलेली वही साध्या फोटोत वाचताच येत नाही आणि "परत काढ, परत काढ" ह्यातच चार मिनिटं जातात.

एक डाउट म्हणजे काय, हे लिहून द्या, नाहीतर भांडण तिथंच. माझा नियम असा की एक गणित किंवा एक संकल्पना, कळेपर्यंत, त्यावरचे पुढचे सगळे प्रश्न त्याच डाउटमध्ये. पण फोटोत पुस्तकातला प्रश्न आणि खाली पोरानं स्वतः केलेला प्रयत्न, दोन्ही दिसलं पाहिजे, अर्धवट असो, चुकीचा असो, काही का असेना. कोऱ्या वहीचा फोटो मी परत पाठवतो.

ह्यात काय फरक पडतो ते एका उदाहरणानं सांगतो. दहावीच्या अंकगणिती श्रेढीतला नेहमीचा प्रश्न, 3 नं भाग जाणाऱ्या दोन अंकी संख्या किती. पोरानं लिहिलंय 12, 15, 18 असं करत 99 पर्यंत, मग 99 वजा 12 म्हणजे 87, भागिले 3, उत्तर 29. खाली मोठं प्रश्नचिन्ह, "टीचर पुस्तकात 30 आहे, पुस्तक चुकलंय का". आता तुम्ही सूत्र लिहून 30 काढून पाठवलंत तर एका मिनिटात काम झालं, पोरगं खुश, आणि पुढच्या टेस्टला परत 29. मी व्हॉइस नोट टाकतो, "बाळा, फक्त 12, 15, 18 एवढंच घे. 18 वजा 12 किती? 6. भागिले 3? 2. आता बोटं लावून मोज, संख्या किती लिहिल्यास?" थोडा वेळ काही येत नाही, मग "तीन". मग विचारायचं, एक कुठं गेला. पोरगं स्वतः सांगतं की आपण उड्या मोजल्या, ज्या संख्येपासून सुरू केलं ती धरलीच नाही. मग सूत्रातलं अधिक 1 कुठनं आलं ते त्याला आपोआप दिसतं. ह्याला सहा-सात मिनिटं लागतात, वरचा हिशोब मी ह्याच मिनिटांवर धरलाय. आणि पोराचा प्रयत्न फोटोत नसता तर तो कुठं चुकला हे तुम्हाला कळलंच नसतं, तुम्ही पहिल्यापासून सगळं धडा शिकवल्यासारखं सांगत बसला असता.

आता फी. 30 पोरं, पण दर महिन्याला तीसच्या तीस पैसे देत नाहीत, कुणी गावाला गेलं, कुणी पुढच्या महिन्यात देतो म्हणालं, हातात 26 जणांचे धरा. तुमचं गणित मुख्य, सायन्सला आठवड्यातनं दोन संध्याकाळ कुणाला बसवलं आणि त्याला संध्याकाळचे 300 दिले तर महिन्याचे साधारण 2,600, रिचार्ज, दुसरं सिमकार्ड, बारीकसारीक मिळून 600. आता 250 फी ठेवली तर 6,500 आले, 3,200 गेले, उरले 3,300, आणि तुम्ही 26 संध्याकाळी अडीच-अडीच तास म्हणजे 65 तास बसलात. तासाला पन्नास रुपये. दोन महिन्यांत कंटाळाल. तीच फी 400 ठेवली तर 10,400 आले, तोच खर्च जाऊन 7,200, तासाला 110. परीक्षेच्या महिन्यात जादा माणसाचे हजार-दीड हजार ह्यातनं निघतात. ह्याच्या वर 600-700 ला गेलात तर आपल्या भागात लगेच तुलना होते, "एवढ्यात तर ट्युशनच लावू की", आणि ते बरोबरच आहे, कारण डाउट सोडवणं हे ट्युशनच्या जागी येत नाही. तुमच्या गावात घरगुती ट्युशनला जे महिन्याला घेतात त्याच्या निम्म्याच्या आत राहा, आणि त्यात वरचा हिशोब बसत नसेल तर पोरं वाढवू नका, विषय कमी करा. सायन्स सोडून फक्त गणित ठेवलं की तो 2,600 चा खर्चच जातो.

त्या 400 मध्ये महिन्याला 15 डाउट द्या. सरासरी पोरगं बारा-तेरा वापरतं, म्हणून कुणाला कमी पडल्यासारखं वाटत नाही, आणि जे पंधराच्या पुढं जातं त्याचं काहीतरी वेगळं चाललेलं असतं, त्यावर खाली येतो. उरलेल्यातले जास्तीत जास्त पाच डाउट पुढच्या महिन्यात चालतील असं ठेवा. अनलिमिटेडमध्ये काय होतं, तर तीसपैकी चार-पाच पोरं अख्खा होमवर्क फोटो काढून टाकतात आणि लाजरी पोरं, ज्यांना खरी गरज, ती "टीचर बिझी हाय" म्हणून विचारतच नाहीत. आकडा असला की उलटं होतं, आई स्वतः म्हणते, "अगं पंधरातले चारच झाले की, विचार की."

पैसे कसे घ्यायचे ह्यात आपल्या भागाचं थोडं बघावं लागतं. नोकरीवाल्या घरात महिन्याच्या 1 ते 5 तारखेला युपीआयनं येतात, काही प्रश्न नाही. पण वडगाव, खासबागकडं यंत्रमागावर काम करणाऱ्या घरात पगार आठवड्याचा, त्या आईला एकदम 400 जड, म्हणून मी आठवड्याचं पॅक ठेवलंय, 120 रुपयांत चार डाउट. हिशोबानं ते थोडं महाग पडतं आणि ते मी तसं सांगतोही, तरी लोक तेच घेतात कारण सोडायचं झालं तर सोडता येतं. ऊसवाल्या घरात उलटं, बिल आलं की चार महिन्यांचे एकदम देतो म्हणतात. घ्या, पण पहिल्याच वेळी वर्षाचे घेऊ नका. मध्यंतरी मोठ्या ऑनलाइन कंपन्यांची माणसं घरोघरी येऊन टॅब आणि वर्षाचा कोर्स गळ्यात मारून गेली, फी म्हणून जे भरतोय ते कर्जाचा हप्ता आहे हे काही पालकांना बँकेतनं पैसे कापले तेव्हा कळलं. त्यामुळं आमच्याकडं "वर्षाचं पॅकेज" हे शब्द ऐकले की लोक दार लावतात, आणि त्यांचं चुकत नाही. ऑटोपे पण सुरुवातीला नको. नियमाप्रमाणं पैसे कापायच्या 24 तास आधी मेसेज येतो हे खरं, पण तो मेसेज वाचतंय कोण, कापल्यावर "न विचारता घेतले" हेच डोक्यात राहतं. दर महिन्याला तुम्ही मागणं आणि त्यांनी हातानं देणं, ह्यात त्रास आहे, पण पालक महिन्यातनं एकदा तुमच्याशी बोलतो, आणि त्या बोलण्यातच तो टिकणार का जाणार हे कळतं.

सुट्टीचे पैसे घेऊ नका. दसऱ्याची सुट्टी, एप्रिल-मेची सुट्टी, ह्यात कुणी विचारत नाही, आणि न विचारलेल्या महिन्याची फी द्यायला लागली की पालक त्याच महिन्यात बंद करतो आणि परत येत नाही. "मे बंद, जून चालू" असं तुम्हीच आधी सांगितलं की जूनला फोन करायला तोंड राहतं.

कोण सोडून जातं ह्याबद्दल बहुतेकांचा अंदाज उलटा असतो. जास्त विचारणारी पोरं सोडत नाहीत, न विचारणारी सोडतात. महिन्याच्या दहा तारखेला डाउट मोजायची वही काढून बघा, ज्याचे शून्य किंवा एक डाउट झालेत त्या घराची पुढची फी धोक्यात आहे. आईला वाटतं पोरगं आळशी, पोराला वाटतं आपला प्रश्न फालतू, मध्ये पैसे गेले. अशा पोराला "काही डाउट आहे का" असं विचारून उपयोग नाही, उत्तर ठरलेलं, "नाही". त्याच्या शाळेत ह्या आठवड्यात कुठला धडा चाललाय ते विचारा आणि त्यातला एक प्रश्न तुम्हीच पाठवा, "हे करून फोटो टाक, चुकलं तरी चालतंय". तो फोटो आला की डाउट त्यातच असतो. बुधवारी संध्याकाळी सातच्या आधी मी हे करतो, कारण बुधवार तसा मोकळा जातो, खरी गर्दी रविवारी रात्री आणि सोमवारी.

आता पालकांचं. "पोरं मोबाईलच बघत बसणार" ही तक्रार खोटी नाही, म्हणून तिच्यावर वाद घालू नका, तिला व्यवस्थेतच उत्तर द्या. पोराच्या वेगळ्या नंबरावर कधीच बोलू नका. ग्रुप करा, त्यात पालकाचा नंबर, तुमचा नंबर, आणि पोराकडं वेगळा फोन असला तर तो, बस. प्रत्येक डाउट त्या ग्रुपमध्येच, पर्सनलवर आलेला मेसेज "ग्रुपवर टाक" म्हणून परत. साडेनऊला तुमचं बंद म्हणजे बंद, त्या वेळेला ग्रुपवर तुम्हीच मेसेज टाका, "आता उद्या सातला". दहा वाजता पोरगं मोबाईल घेऊन बसलं आणि आईनं विचारलं तर "टीचरचं चाललंय" असं सांगायची सोयच उरत नाही, आणि आईला ते पहिल्या आठवड्यात लक्षात येतं. कॉल असेल तर स्पीकरवर, घरच्यांच्या समोर, व्हिडिओ लागलाच तर कॅमेरा वहीवर, तोंडावर नको. सायन्सला जो मुलगा बसवाल त्यानं मुलींना एकट्यानं कॉल करायचा नाही, ग्रुपवर व्हॉइस नोटच. हे पालकांनी विचारायच्या आधी तुम्ही सांगा. विचारायला ते संकोचतात, पण डोक्यात पहिलं तेच असतं.

आमच्या गल्लीजवळच्या एका घरातलं सांगतो. दहावीतली मुलगी, वडील मागावर, आई घरी शिवणकाम करते. आईचं म्हणणं, "सर, तुम्ही काय सांगता ते आम्हाला कळणार न्हाई, मी सातवी शिकले, पोरगी इंग्लिश मीडियमला. मग पैसे कशाचे द्यायलोय हे मला कसं कळायचं?" प्रश्न अगदी नेमका होता. आपल्या भागात हे घराघरात आहे, पोरगं इंग्लिश किंवा कन्नड माध्यमात, आई मराठी वाचणारी, शाळेची नोटीस पण पोरालाच वाचून दाखवायला लागते. तिथं तुम्ही इंग्रजीत टक्केवारीचा रिपोर्ट पाठवला तर तो न बघता जातो. मी दर शनिवारी मराठीत व्हॉइस नोट पाठवतो, पाऊण मिनिटाची. त्यात काय असतं तर असं: "वहिनी, ह्या आठवड्यात चार डाउट झाले, तीन गणित, एक सायन्स. गणितात मोजताना सुरुवातीचा एक धरायचा राहतो, दोनदा तसंच झालं, आता जमतंय. सायन्सचा आरशाचा डाउट अर्धा राहिलाय, मंगळवारी घेतो. गुरुवारी सांगितलेलं गणित तिनं टाकलं नाही." आणि शेवटी एक प्रश्न आईसाठी, उत्तरासकट: "तिला विचारा, तीस फुटांच्या कडेला तीन-तीन फुटांवर खांब रोवायचे, दोन्ही टोकांना पण पाहिजेत, तर खांब किती. अकरा म्हणाली पाहिजे. दहा म्हणाली तर मला सांगा."

हा शेवटचा प्रश्नच खरं काम करतो. आईला गणित यायला लागत नाही, उत्तर माहीत असलं की पुरे. पोरगी अकरा म्हणते, का म्हणून विचारल्यावर बोटं लावून दाखवते, आणि आपण पैसे कशाचे देतोय हे आईनं स्वतःच्या डोळ्यानं बघितलेलं असतं. दहा म्हणाली तरी बिघडत नाही, आईचा मेसेज येतो, "दहा म्हणतीय की हो", आणि मी सोमवारी तेच परत घेतो, जादा डाउट न मोजता. प्रत्येक नोटमध्ये राहिलेलं किंवा न झालेलं एक तरी असलं पाहिजे. सगळं छान छान असलेला रिपोर्ट लोकांनी शाळेत भरपूर बघितलाय, त्यावर कोण विश्वास ठेवत नाही. तीस पोरांच्या तीस नोट म्हणजे शनिवारचा तास-दीड तास जातो, तो वरच्या 65 तासांत धरलेला नाही, पण फीचा निम्मा भाग मला वाटतं ह्या तासाचाच आहे.

पंधराच्या पुढं जाणाऱ्या पोराचं. एका रात्री एकाच एक्सरसाइजचे आठ-नऊ फोटो, प्रयत्न म्हणून नुसता पुस्तकातला प्रश्न उतरवलेला, आणि सगळे आठ वाजून वीस ते साडेआठ ह्या दहा मिनिटांत आलेले, म्हणजे हा डाउट नव्हे, उद्याचा होमवर्क आहे. त्यातला पहिला एक घ्या, नीट शिकवा, आणि म्हणा ह्याच पद्धतीनं दुसरा कर, मग तिसरा घेऊ. खरा अडकलेला पोरगा दुसरा करून पाठवतो, होमवर्कवाला त्या रात्री गायब होतो. हे दोनदा झालं की पालकाला सांगायचंच, आणि सांगताना पोराला खोटा पाडायचं नाही, "वर्गात हा धडा त्याच्या डोक्यावरून गेलेला दिसतोय, डाउटनं हे भरून निघणार नाही, त्याला हा धडा कुणीतरी बसून शिकवायला पाहिजे, शाळेतल्या सरांना सांगा किंवा ट्युशन बघा". तुमच्याकडं ट्युशन आहेच, तरी लगेच "माझ्याकडं पाठवा" म्हणू नका, त्या एका वाक्यानं सगळं सांगितलेलं विक्रीचं वाटायला लागतं.

माध्यमाबद्दल थोडं. नाव घेतानाच माध्यम आणि बोर्ड विचारून घ्या. चंदगड, गडहिंग्लजकडचे पाहुणे हमखास विचारतात, "आमच्या पोराला पण घ्या की". पण तिकडं महाराष्ट्र बोर्डात दहावीला गणिताचे दोन भाग, 40-40 मार्कांचे वेगळे पेपर, आपल्याकडं कर्नाटकात एसएसएलसीला एकच पेपर 80 चा आणि 20 अंतर्गत, धड्यांचा क्रम वेगळा, पुस्तक वेगळं. ह्याच कारणानं आपली मराठी माध्यमाची पोरं यूट्यूबवर पुण्याकडचे व्हिडिओ बघून गोंधळतात आणि तो गोंधळ डाउट म्हणून तुमच्याकडं येतो. पहिल्या वर्षी एकच बोर्ड ठेवा. आणि पोराच्या पुस्तकात जो शब्द असेल तोच वापरा, इंग्लिश माध्यमाच्या पोराला समजवायचं मराठीतनं पण शब्द त्याच्या पुस्तकातला, नाहीतर पेपरात लिहिताना अडतं. कन्नड विषयाचे डाउट घेणार का, हे पालक पहिल्याच फोनला विचारतील, मराठी घरातल्या पोरांना तिथंच धाकधूक असते. तुम्हाला स्वतःला जमत नसेल तर सरळ नाही म्हणा, त्यासाठी माणूस वेगळाच लागतो.

कायद्याचं जास्त काही नाही पण माहीत असावं. जीएसटीची नोंदणी सेवा देणाऱ्याला वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही, तुम्ही त्याच्या जवळपासही नाही. जानेवारी 2024 मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्यानं कोचिंग सेंटरसाठी गाईडलाईन काढल्या, त्या 50 पेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या सेंटरसाठी आहेत, त्यात 16 वर्षांखालच्या पोरांना घेऊ नये असंही आहे, आणि ते राबवायचं राज्यांनी. तीस पोरांत तुम्ही त्या व्याख्येत येत नाही, पण पन्नासकडं जायचं मनात आलं की आधी तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्याच्या म्हणजे बीईओ ऑफिसात जाऊन नोंदणीचं विचारून या. त्यातला एक नियम मात्र आत्तापासूनच पाळा, कुणी मध्येच सोडलं तर उरलेल्या दिवसांचे पैसे 10 दिवसांत परत. मी तर त्याच दिवशी पाठवतो, दीड-दोनशे रुपयांसाठी गल्लीत चर्चा नको. दुसरं, 2023 चा डेटा संरक्षण कायदा 18 वर्षांखालच्या सगळ्यांना मूल धरतो आणि त्यांची माहिती वापरायला पालकाची संमती मागतो, म्हणून नाव घेताना पालकाकडनं एक मेसेज लिहून घ्या की फोटो, व्हॉइस नोट ग्रुपवर चालतील. पोराच्या वहीचा फोटो किंवा मार्क तुमच्या स्टेटसला लावू नका. जाहिरातीला मोह होतो, पण एका पोराचे 92 लावले की ज्याचे 41 आलेत त्याच्या आईला वाटतं उद्या आपलंही लावतील.

सुरुवात कधी करायची हे विचारलं नाहीत तरी सांगतो, दसऱ्याच्या सुट्टीनंतर. एसए वनचे पेपर हातात आलेले असतात, कुठं मार्क गेले ते पालकाला दिसलेलं असतं, आणि बोर्डाच्या आधीच्या प्रिपरेटरी परीक्षेपर्यंत तीन-चार महिने मिळतात. आधी तुमच्या ट्युशनच्याच ओळखीतली दहा-बारा घरं घ्या, फक्त दहावी, फक्त गणित, फी पहिल्या दिवसापासून. फुकट ट्रायल द्यायची तर आठवडा नाही, तीन डाउट द्या, आणि एक अट, ग्रुपमध्ये पालक पहिल्या दिवसापासून पाहिजे. आणि रविवारी एकदा त्या सगळ्या पालकांना घरी बोलवा, चहा ठेवा, तुमचा फोन हातात देऊन ह्या आठवड्यातल्या एखाद्या पोराचा डाउट, त्याच्या घरच्यांना आधी विचारून, पहिल्या फोटोपासून शेवटच्या व्हॉइस नोटपर्यंत ऐकवा. आपल्याकडं माणूस कुठल्या गावचा, कुणाचा, हे कळल्याशिवाय पैसे सुटत नाहीत, तुम्ही तर गावातल्याच. त्या दिवशी पैशाचं तुम्ही काढू नका, कुणीतरी बाहेर पडताना चपला घालता घालता विचारतंच, "मग टीचर, कधीपासनं?"